पाहुण्यांचा परिचय, दोन मिनिटं

व्याख्यानमालेत पाहुण्यांचा परिचय करून देणाऱ्याकडून कोणाची काहीच अपेक्षा नसते. सतरंजीवरची मंडळी वक्त्याला ऐकायला आलेली असतात आणि मागच्या खुर्च्यांवरची चहाला. तरी आमच्या वाचनालयाच्या कार्यवाहांनी मला बजावून सांगितलं, "दोनच मिनिटं हं. मागच्या वर्षी परिचय इतका लांबला की पाहुण्यांची सोलापूरची गाडी चुकली." यंदाच्या पाहुण्या वनस्पतीशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका होत्या. सगळी हयात त्यांनी पश्चिम घाटातल्या गवतांचा अभ्यास करण्यात घालवलेली. मी दोनशे दहा शब्दांचा मजकूर लिहिला आणि बायकोच्या सांगण्यावरून फोनवर रेकॉर्डिंग लावून तो एकदा म्हणून पाहिला.

पहिला धक्का आवाजाचा. तो माझा नव्हताच. बँकेत टोकन नंबर हरवलेला कोणीतरी बारीक आवाजात तक्रार करत होता. यामागे शास्त्र आहे. आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडं खालचे सूर चांगले पोचवतात. त्यामुळे आतून ऐकताना प्रत्येक जण स्वतःला भारदस्त वाटतो. फोनला माझी कवटी उपलब्ध नसल्यामुळे त्याने जगाला रोज ऐकू येणारा आवाज टिपला. "आम्ही काय तेवीस वर्षं हाच ऐकतोय," बायको म्हणाली. पहिल्यांदा ऐकताना माणूस आवाजाच्या दुःखातच असतो, बाकी काही कानात शिरत नाही. म्हणून ते ऐकणं हिशेबात धरायचं नाही.

दुसऱ्या खेपेला लेकीने शेंगदाण्यांची वाटी घेतली. टोस्टमास्टर्स नावाची भाषणाचा सराव करणाऱ्यांची संस्था १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिच्या सभांमध्ये वक्त्याचे 'अं' मोजायला एक माणूस नेमलेला असतो. आमच्या घरी ते पद लेकीने स्वतःकडे घेतलं. नियम सोपा होता, एका फालतू शब्दाला एक शेंगदाणा. रेकॉर्डिंग संपायच्या आत वाटीचा तळ दिसला आणि तिने "अजून आहेत का?" असं विचारलं. शेंगदाणे की फालतू शब्द, हे मी विचारलं नाही.

पण नुसत्या मोजणीतून रोग कुठे आहे ते कळत नाही. त्यासाठी बोललेलं जसंच्या तसं, एकही 'अं' न गाळता, कागदावर उतरवावं लागतं. माझं पहिलं वाक्य असं निघालं: "अं, नमस्कार. तर म्हणजे आज आपल्या या ठिकाणी, म्हणजे वाचनालयात, ज्या खऱ्या अर्थाने, अं, गवतांच्या अभ्यासक आहेत अशा, म्हणजे, बाई आलेल्या आहेत."

'या ठिकाणी' आणि 'खऱ्या अर्थाने' ही नगरसेवकांची मालमत्ता माझ्या तोंडात कशी आली, मला माहीत नाही. वर्षानुवर्षं सत्कार समारंभ ऐकल्याचा हा परिणाम असावा. 'म्हणजे'वरून मात्र घरात खटला उभा राहिला. शब्द काढून टाकल्यावर अर्थ बिघडला तर तो कामाचा, नाही बिघडला तर शेंगदाणा, अशी कसोटी ठरली. "या ठिकाणी, म्हणजे वाचनालयात" यातला 'म्हणजे' कामाचा आहे, असं मी हिरिरीने मांडलं. बायकोने निकाल दिला की तो कामाचा आहे खरा, पण 'या ठिकाणी' म्हटलं नसतं तर त्याची गरजच पडली नसती. म्हणून दोघांनाही शेंगदाणा.

कागदावर लाल पेनाने खुणा केल्यावर एक गंमत दिसली. खुणा सगळीकडे सारख्या पसरलेल्या नव्हत्या. जिथे एक वाक्य संपून दुसरं सुरू होतं तिथे त्यांची दाटी होती, आणि जिथे नाव, साल किंवा पद येणार तिथे. बाईंच्या लहानपणाबद्दलचं वाक्य मला आवडलं होतं, ते तोंडपाठ होतं, त्यात एकही खूण नाही. याउलट 'विभागप्रमुख' येण्याआधी तीन. पुढचं वाक्य अजून डोक्यात आलेलं नाही, पण तोंड बंद करायची लाज वाटते, अशा जागी 'अं' बसतो. मग त्याच्यावर चिडून उपयोग नाही, सांधा दुरुस्त करायला हवा. मी प्रत्येक वाक्याचे फक्त पहिले तीन शब्द पाठ केले. तिथवर जीभ पोचली की पुढचं आपोआप येतं.

घाईचा हिशेब वेगळा. दोन मिनिटांचा मजकूर मी पंचाहत्तर सेकंदांत उरकला होता, म्हणजे (हा कामाचा आहे) मिनिटाला एकशे अडुसष्ट शब्द. इंग्रजी पुस्तकांत मिनिटाला एकशे तीस ते दीडशे शब्द बरे म्हणून सांगतात, त्यामुळे मला आधी वाटलं, थोडासाच जास्त आहे. पण तो आकडा मराठीला लावता येत नाही. आपल्याकडे विभक्ती शब्दालाच चिकटते. 'वाचनालयातल्यांनासुद्धा' हा एक शब्द आहे, आणि तो म्हणताना दम लागतो. मजकूर माझा, दोन मिनिटं कार्यवाहांची, त्यामुळे माझा वेग एकशे पाचच्या आसपास हवा होता.

शिवाय सरासरी फसवते. रेकॉर्डरमध्ये आवाजाची जी खालीवर होणारी रेघ दिसते, ती मी नीट पाहिली. वाक्य संपतं तिथे रेघ सपाट व्हायला हवी. माझ्या पहिल्या अर्ध्या मिनिटात सपाट जागा एकही नव्हती, गर्दीच्या वेळच्या लोकलसारखं सगळं एकमेकांना चिकटून. मधे बरी परिस्थिती, आणि शेवटी पुन्हा धावपळ, कारण खुर्ची दिसू लागली होती. खरी परीक्षा लेकीने घेतली. तिने तेवढं ऐकून बाईंचं आडनाव सांगायचं होतं. तिने सांगितलेलं आडनाव महाराष्ट्रात कोणाचंच नसावं.

यावर मी कागदावर आडव्या रेघा मारल्या. एक रेघ आली की तोंड मिटायचं आणि नाकाने श्वास घ्यायचा. मिटलेल्या तोंडातून 'अं' बाहेर पडत नाही. दोन रेघा नावाच्या आधी आणि नंतर. बोलताना या जागा असह्य लांब वाटतात. दुसऱ्या रेघेशी मला वाटलं, आता कोणीतरी पाणी आणून देईल. ऐकताना मात्र ती शांतता सेकंदभराचीच निघाली. वेळ आली एक मिनिट चव्वेचाळीस सेकंद. उरलेली सोळा सेकंदं तशीच ठेवली, कारण सभागृहात भिंती आवाज परत पाठवतात आणि शब्द संपेपर्यंत थांबावं लागतं. घरच्या फोनला हे कळत नाही. त्याला माझी धडधडही कळत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी बोललो, रेघांवर थांबलो, बसलो. पहिल्या रांगेतल्या लेकीने खिशात हात घातला नाही. मग बाई उठल्या. माईकजवळ आल्या, छताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अं... म्हणजे, गवत हे, काय म्हणूया..." आणि पुढचा तासभर कोणी हललं नाही. चहासुद्धा थांबला.

घरी जाताना मी लेकीला विचारलं, "बाईंचे किती झाले?"

"त्यांचे नाही मोजले. त्या विचार करत होत्या."

"आणि मी?"

"बाबा, तुझ्या हातात कागद होता."