राखाडी चेहऱ्याला सॅच्युरेशन लावू नका

“ग्रुप फोटोत दुसऱ्या फ्रेममधला चेहरा बसवल्यावर राखाडी दिसला, तर सॅच्युरेशन वाढवा, नारंगी झाला, तर कमी करा. आपल्याकडच्या सावळ्या रंगासाठी हिरवा कमी केलेला एक कर्व्ह सेव्ह करून ठेवा, सगळ्यांना चालतो.”

असा सल्ला दिला जातो. त्यातला सॅच्युरेशनचा भाग चुकीचा का, ते एका फोटोवरून सांगतो. औशाजवळचं लग्न, पिवळ्या कापडाच्या मंडपात ग्रुप फोटो, आणि नेमके नवरदेवाच्या मामांचे डोळे मिटलेले. उघड्या डोळ्यांचा चेहरा बाहेर सावलीत काढलेल्या फ्रेममधून घेतला. त्या गालाचं माप आलं लाल १५८, हिरवा १२४, निळा ११२. मूळ फ्रेममध्ये त्याच गालावर १५६, ११२, ७८. लाल जवळपास तोच आहे. राख दिसते ती आकाशाच्या निळ्या उजेडामुळे. ह्यूच्या भाषेत बसवलेला चेहरा १६ अंशांवर आणि मूळ २६ वर. सॅच्युरेशन ह्यू हलवत नाही. ते वाढवलं की चेहरा विटेसारखा होतो, कमी केलं की पुन्हा राख.

म्हणून कर्व्ह फक्त चेहऱ्याच्या लेयरला क्लिप करा. निळ्या चॅनलमध्ये इनपुट ११२, आउटपुट ७८. हिरव्यात १२४ चे ११२. लालला हात लावू नका. मग कपाळाची चमक आणि हनुवटीखालची सावली मूळ चेहऱ्याशी ताडून बघा. मधला बिंदू ओढला की वरचा निळाही उतरतो. जास्त उतरला तर कपाळ नारंगी होतं, तेव्हा तिथं दुसरा बिंदू देऊन उचलून घ्या. उजेड कमी-जास्त करायचा तर वेगळा कर्व्ह घ्या आणि ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी ठेवा. नॉर्मल मोडमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवला की रंगही चढतो, आणि नारंगीपणा बहुतेकदा तिथूनच येतो.

माप मिटल्या डोळ्यांच्या मूळ चेहऱ्यावरूनच घ्या, गळ्यावरून नको. नवरा-नवरीच्या गळ्याला हळद राहिलेली असते.

आता सेव्ह केलेला कर्व्ह. त्यात कातडीचा रंग साठत नाही, दोन उजेडांमधला फरक साठतो. त्याच दोन फ्रेममधल्या इतर पाहुण्यांना तो बराचसा चालेल, पुढच्या लग्नात नाही. मामांशेजारच्या भाच्याची झाक ऑलिव्ह होती: मूळ माप १४२, ११२, ८०. लाल-हिरव्यात अंतर ३०, मामांचं ४४. हा हिरवा त्याचा स्वतःचा आहे. ‘सावळ्यासाठी’ म्हणून तो १०० वर आणला की ह्यू ३१ वरून १९ वर घसरतो आणि पोरगा तांबूस दिसतो. त्याच्या आईला ते लगेच कळतं.

फ्लॅशनं कपाळावरचा लाल २५५ ला टेकला असेल, तर तिथला तपशील कोणताच कर्व्ह परत आणत नाही. अशा वेळी दुसरी फ्रेम शोधावी लागते.