सशुल्क प्रायोगिक कामाविषयीच्या अभिप्रायास उत्तर

अभिप्राय (दोन तारे): “काजू कारखान्यासाठी मालाच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर हवे होते. पूर्वी एकदा असेच घेऊन पैसे पाण्यात गेले, म्हणून महिनाभर फुकट वापरून पाहू द्या म्हटले, तर यांनी अठरा हजारांची ‘पायलट’ पुढे केली. स्वतःच्या कामावर भरवसा असेल तर पैसे कशाला? पूर्ण कामाचे दरपत्रकही दिले नाही.”

मालकांचे उत्तर:

सप्रेम नमस्कार.

सॉफ्टवेअर चालते कसे, हे आम्ही कोणालाही विनामूल्य दाखवतो आणि आपणही ते आमच्या कुडाळच्या कार्यालयात पाहिले आहे. मात्र ते आपल्या कारखान्यात टिकेल की नाही, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर महिनाभर नुसते वापरायला देऊन मिळत नाही. काजूच्या कारखान्यात अशी व्यवस्था बंद पडते ती बहुधा संगणकाच्या बिघाडामुळे नव्हे. काट्यावरचे वजन त्याच वेळी नोंदले जात नाही, ते चिठ्ठीवर राहते, चार-आठ दिवसांनी दिवाणजी आठवेल तसे भरतात, आणि मग पडद्यावरचा साठा व गोदामातला साठा यांचा मेळ बसेनासा झाला की मालक मुकाट्याने पुन्हा वही उघडतात. म्हणजे परीक्षा आमच्या सॉफ्टवेअरची जितकी आहे, तितकीच आपल्या काट्यावरच्या शिस्तीचीही आहे, आणि ती दोघांनी मिळून द्यावी लागते.

म्हणून आपल्यासमोर ठेवलेला प्रस्ताव जाणीवपूर्वक लहान होता. काजू बीचा एकच लॉट, वीस पोत्यांचा, खरेदीपासून डबा भरेपर्यंत पाहायचा आणि चारच ठिकाणी वजन करायचे: खरेदीच्या वेळी, वाळवल्यावर, कटिंगनंतर आणि प्रतवारीनंतर. कामगारांची मजुरी, जीएसटीची बिले, टरफलाची विक्री हे सारे मुद्दाम बाहेर ठेवले होते, कारण ते आत घेतले की लहान काम नावापुरतेच लहान राहते.

एवढ्याशा कामातून काय कळते, हे एका कारखानदारांच्या उदाहरणावरून सांगतो. त्यांच्या संमतीने, नाव न देता. वीस पोती, प्रत्येकी ८० किलो, म्हणजे १६०० किलो बी त्यांनी खरेदी केली. खळ्यावर वाळवल्यानंतर ती १५१२ किलो भरली. वाफवणे, कटिंग, बोर्म्यात सुकवणे आणि साल काढणे झाल्यावर अख्खे गर, पाकळी आणि तुकडा मिळून ३७८ किलो काजूगर हाती आला. वाळलेल्या बीवर हिशेब केला तर उतारा बरोबर २५ टक्के येतो आणि खरेदीच्या वजनावर केला तर साधारण २३.६ टक्के. त्यांच्या जुन्या वहीत काही लॉटचा उतारा पहिल्या पद्धतीने काढलेला होता आणि काहींचा दुसऱ्या, कारण एका मुनिमाने तसे लिहिले आणि दुसऱ्याने असे. त्या जोरावर एका व्यापाऱ्याची बी चांगली व दुसऱ्याची हलकी, असा समज होऊन पुढची खरेदीही तशीच चालली होती. दोन्ही लॉट एकाच पायावर मांडल्यावर दोघांच्या मालात सांगण्यासारखा फरक उरला नाही. हे विनामूल्य प्रात्यक्षिकात दिसणे शक्यच नव्हते, कारण तिथे आकडे आमचे असतात.

आता पैशांविषयी. त्या अठरा हजारांत, अधिक जीएसटी, कटिंग आणि प्रतवारी चालू असेल त्या दिवसांत आमचा माणूस आपल्या काट्याजवळ बसतो, लॉटच्या पोत्यांना चिठ्ठ्या बांधतो, आपल्या माणसाला नोंद शिकवतो आणि शेवटी गोदामातला माल प्रत्यक्ष मोजून ताळा पाहतो. हा आमचा खर्च आहेच, परंतु केवळ त्याकरिता शुल्क घेतो असे म्हणणे अर्धे खरे होईल. जे फुकट आले आहे, त्यासाठी भर हंगामात काट्यावरचा माणूस कोणी मोकळा करत नाही. काम रेंगाळते, आणि ते नक्की कशामुळे फसले हे सांगण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. शुल्क घेतल्यावर ठरलेल्या तारखेला ठरलेली गोष्ट दाखवणे आम्हाला बंधनकारक होते आणि आपणही ‘बघू पुढे’ न म्हणता हो किंवा नाही सांगता.

ती ठरलेली गोष्ट आधीच लिहिलेली होती. लॉट संपल्यावर नोंदीतला साठा आणि मोजलेला साठा यांत २ टक्क्यांहून अधिक तफावत नसावी, आणि प्रत्येक वजन त्याच दिवशी, ते केले त्या वेळी भरलेले असावे. दुसरी अट लोकांना क्षुल्लक वाटते, पण खरी मेख तिथेच आहे. दिवसभराच्या सगळ्या नोंदी संध्याकाळी सुटीच्या आधी पाठोपाठ भरलेल्या दिसल्या, किंवा प्रत्येक वजनाचा शेवटचा आकडा शून्य वा पाच असला, तर काटा कोणी पाहिलेला नाही असे समजावे. अशा वेळी तफावत २ टक्क्यांच्या आत आली तरी आम्ही ‘यशस्वी’ असे लिहून देत नाही. त्याच कारणासाठी आपण सुचवलेला निवडक बीचा लॉट आणि आपले सर्वांत हुशार चिरंजीव काट्यावर, ही मांडणी आम्ही नाकारली होती. रोजचा माल आणि रोजचाच माणूस हवा, नाहीतर निकाल गोड लागतो आणि पुढे मे महिन्यात फसतो.

एका लॉटवरून सगळे कळते असा आमचा दावा नाही. खळ्यावर एकाच वेळी चार-पाच लॉट पसरलेले असताना अवकाळी पावसाची सर आली, की हाताला येईल ते पोते भरले जाते आणि लॉट एकमेकांत मिसळतात. हा धोका एकट्या लॉटमध्ये दिसत नाही. आपली तयारी असल्यास शेजारीच दुसरा लॉट वाळत असताना हे काम करावे, असे आम्ही सुचवू.

पूर्ण दरपत्रक राखून ठेवण्याचे कारणही यातच आहे. आपल्याकडे वजनाच्या जागा चार लागतील की सात, आणि कटिंगचा हिशेब टेबलवार ठेवायचा की एकत्र, यावर किंमत जवळजवळ दुप्पट बदलते. म्हणून अंदाजे किमान व कमाल रक्कम आम्ही प्रस्तावाच्या दुसऱ्या पानावर दिली होती; नेमका आकडा लॉट संपल्यावर आठवड्याच्या आत देण्याचे त्याच पानावर लिहिले आहे. पुढचे काम दोन महिन्यांत ठरले तर अठरा हजार त्यातून वजा होतात. न ठरल्यास लॉटच्या सर्व नोंदी एक्सेलमध्ये आपल्याकडे राहतात आणि आपल्यावर कोणतेही बंधन उरत नाही.

एक कलम बदलण्यास आम्ही तयार आहोत. शुल्क आगाऊ न घेता निम्मे सुरुवातीला आणि निम्मे ताळा पाहिल्यावर घेऊ. आणि तफावत आमच्या नोंदपद्धतीमुळे आली असे दिसले, तर दुसरा अर्धा भाग मागणार नाही. हे मान्य असल्यास प्रस्तावावर तसे हाताने लिहून सही करून पाठवावे, आणि आपला वजनकाटा छापील चिठ्ठी देणारा आहे की नुसता आकडा दाखवणारा, तेवढे सोबत कळवावे.