रेटवरून घासाघीस करता, पण बिलातला क्वांटिटीचा कॉलम कोण बघतं?

घराच्या रिनोव्हेशनचं फायनल बिल हातात आलं की आपण सगळे एकच करतो, शेवटची रक्कम बघतो, डोळे मोठे करतो आणि म्हणतो "थोडं कमी करा ना". मग काँट्रॅक्टर जरा तोंड वाकडं करतो, राउंड फिगर करून देतो, दोघंही खूश. माझं स्पष्ट मत आहे की ही घासाघीस निव्वळ फालतू आहे. रेट तर काम सुरू होतानाच ठरलेला असतो, पैसे जातात ते क्वांटिटीत, हजेरीत आणि ॲडव्हान्सच्या वजावटीत, आणि तिकडे कोणी बघतच नाही.

आमच्या बाथरूमचंच घ्या. बिलात लिहिलं होतं, वॉल टाइल लावण्याची मजुरी २२९ स्क्वेअर फूट, टाइल २४ बॉक्स, ॲडहेसिव्ह ९ गोण्या. मी टेप घेऊन आत गेले. बाथरूम ८ बाय ५, म्हणजे चारही भिंतींची लांबी मिळून २६ फूट. टाइल लावलीय ७ फुटांपर्यंत, वर नुसता रंग. २६ गुणिले ७ म्हणजे १८२. त्यातून अडीच बाय सातचा दरवाजा, साडेसतरा फूट, वजा केला की राहिले साधारण १६५. छोटी खिडकी मी मुद्दाम वजा केली नाही, कारण तिच्या कडेने टाइल कापून बसवायला मिस्त्रीला उलट जास्त वेळ लागतो, तेवढं त्याला सोडावं.

मग २२९ आले कुठून? थोडा वेळ आकडेमोड केली तेव्हा उलगडलं. २६ गुणिले ८ म्हणजे २०८, आणि त्यावर १० टक्के वेस्टेज, झाले २२९. म्हणजे उंची सातची आठ धरली, दरवाजा वजाच केला नाही, आणि वर वेस्टेज लावलं ते मजुरीवर!! वेस्टेज हे फक्त मालावर असतं हो. टाइल कापताना तुकडे वाया जातात म्हणून खरेदी १० टक्के जास्त करायची हे बरोबर, पण वाया गेलेला तुकडा कोणी भिंतीवर लावत नाही, मग तो लावायची मजुरी कसली? एकाच भिंतीचे दोन आकडे असतात, मजुरीचा म्हणजे प्रत्यक्ष लागलेली टाइल आणि मालाचा म्हणजे त्यात वेस्टेज धरून. बिलात दोन्हीकडे एकच आकडा दिसला तर तिथेच बोट ठेवायचं.

बॉक्सचंही तसंच. आमची टाइल ३०० बाय ६०० मिलिमीटरची, बॉक्समध्ये ५, म्हणजे एका बॉक्समध्ये ०.९ चौरस मीटर, साधारण ९.७ स्क्वेअर फूट. १६५ वर १० टक्के धरले की १८१ च्या आसपास, भागिले ९.७, म्हणजे १९ बॉक्स पुरे. बिलात २४. आता कदाचित २४ आलेही असतील, मी नाही म्हणत नाही, पण मग ५ सीलबंद बॉक्स गेले कुठे? दुकानात परत केले असतील तर दुकानदार त्याचे पैसे वळते करून देतो आणि ते पैसे माल ज्याच्या खर्चाने आला त्याचे, म्हणजे माझे. हे काँट्रॅक्टरला विचारल्यावर फोनवर बराच वेळ शांतता होती 😀

ॲडहेसिव्हच्या बाबतीत मात्र लगेच चोर म्हणू नका. थर ३-४ मिलिमीटरचा असेल तर चौरस मीटरला साधारण ५ किलो लागतं. आमच्या भिंती १५ चौरस मीटरच्या थोड्या वर, म्हणजे ७५-८० किलो, २० किलोच्या ४ गोण्या. पण भिंत ओळंब्यात नसेल तर मिस्त्री थर जाड करून टाइल लेव्हलला आणतो, आणि थर दुप्पट झाला की गोण्याही दुप्पट, म्हणून ९ गोण्या अगदीच अशक्य नाहीत. काँट्रॅक्टरनेही हेच सांगितलं, "भिंत वाकडी होती मॅडम". ठीक आहे. पण त्याच बिलात चार ओळी वर "भिंत प्लास्टर करून लेव्हल करणे" ही वेगळी आयटम होती! भिंत लेव्हल केली असेल तर जाड थर कशाला, आणि जाड थर दिला असेल तर प्लास्टरचे पैसे कशाचे? दोन्ही एकदम खरं कसं असेल. दरवाजाच्या चौकटीपाशी टाइलची कड उघडी होती, तिथे थर दिसत होता, ३-४ मिलिमीटरच. म्हणजे प्लास्टर खरं झालं होतं, त्याचे पैसे दिले, गोण्या ४ धरल्या.

आता हजेरी. बिलात मिस्त्री ११ दिवस, हेल्पर ११ दिवस. आधी एक बघा की काम फुटावर ठरलंय की रोजावर. टाइलची मजुरी फुटाने लावली असेल तर टाइल लावतानाचे मिस्त्रीचे दिवस परत रोजाने लागूच शकत नाहीत, ते फुटाच्या रेटमध्येच आले. जुनी टाइल फोडणं, राडारोडा खाली नेणं, हे रोजावर असतं आणि ते योग्यच आहे, ते मोजायचं तरी कसं. पण त्याला हेल्पर लागतो, मिस्त्री रोज कशाला? शिवाय वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी साठवून गळती बघितली ते दिवस कोणी कामाला नव्हतं, तेही ११ मध्ये होते. मी वाद न घालता एवढंच म्हटलं की तारीखवार लिहून द्या, कोण आलं आणि काय केलं. तारीख लिहायला बसलं की आकडे आपोआप कमी होतात, हे मी बघितलंय.

सगळ्यात गोंधळाची जागा ॲडव्हान्स. सोपं पडावं म्हणून ठरलेलं काम १०० धरा. सुरुवातीला ३० दिले, प्रत्येक बिलातून ३० टक्के वजा करायचे असं ठरलं. पहिलं बिल ४० चं, त्यातून १२ वजा, २८ दिले. ॲडव्हान्समधले राहिले १८. शेवटचं बिल ६० चं, त्यातून १८ वजा होऊन ४२ द्यायचे. बिलात काय? "वजा ॲडव्हान्स १२", द्या ४८. मागच्या बिलातली ओळ तशीच कॉपी केलेली. कागदावर वजावट दिसते म्हणून आपण टिक करून पुढे जातो, आणि १०० च्या कामाला ३० अधिक २८ अधिक ४८, म्हणजे १०६ देऊन बसतो. त्यामुळे मी बिलातली वजावट वाचतच नाही. वेगळ्या कागदावर आजवर झालेल्या सगळ्या कामाची किंमत लिहिते, खाली आजवर गेलेला प्रत्येक पैसा लिहिते, दुकानात मी थेट भरलेलेसुद्धा (नळ, कमोड मीच घेतले होते आणि ते बिलात परत आले होते, असो), आणि फरक काढते. तो फरक आणि बिलातली शेवटची रक्कम जुळली नाही की पेमेंट थांबवायचं.

आणि हो, हे सगळं तपासायला मेजरमेंट शीट लागते, लांबी, उंची, वजावट वेगवेगळी लिहिलेली. ती फायनल पेमेंटच्या आधीच मागायची, नंतर कोणी देत नाही. आमच्याकडे शेवटी मजुरी १६५ वर आली, ५ बॉक्सचे पैसे परत मिळाले, गोण्या ४ झाल्या, ॲडव्हान्सचा फरक त्याने लगेच मान्य केला. हजेरीचे दोन दिवस अजून वादात आहेत, तो म्हणतो मिस्त्री आला होता, मी म्हणते त्या दिवशी बाथरूममध्ये घोटाभर पाणी होतं 🤷‍♀️