सहा 'ज्या', चार 'त्या' आणि पाचशे रुपये

माझ्या स्कूटरच्या पुढच्या चाकाला सोसायटीने साखळी घातली याचा राग मला आहेच, पण ज्या वाक्याच्या जोरावर घातली त्या वाक्याचा राग जास्त आहे. गॅरेजवाल्याने पुढचं पॅनेल बदललं, जुन्या पॅनेलबरोबर सोसायटीचं स्टिकर गेलं, आणि सकाळी दूध आणायला उतरतो तर चाकाला कुलूप. वॉचमनने नोटीस बोर्डाकडे हात केला. बोर्डावर हे होतं:

"ज्या सभासदांनी ज्या भाडेकरूंना आपल्या सदनिका ज्या अटींवर दिल्या आहेत त्यांची प्रत ज्यांनी अद्याप कार्यालयात जमा केलेली नाही त्यांच्या ज्या दुचाकी आवारात उभ्या राहतात त्या, ज्यांच्यावर सोसायटीचे स्टिकर नाही, त्यांना रु. ५०० दंड आकारण्यात येईल."

मी दोनदा वाचलं. मला भाडेकरू नाही. माझ्या घरात भाडं न देता राहणारी माणसं आहेत, पण त्यांचा करारनामा कोणी केलेला नाही. म्हणजे नोटीस माझ्यासाठी नव्हतीच. साखळी मात्र माझ्यासाठी होती.

नोटिशीचे लेखक आप्पा सोसायटीच्या ऑफिसातच बसलेले असतात. सरकारी नोकरीत सारा जन्म मसुदे लिहिण्यात गेला. आता निवृत्त आहेत, पण मसुदा सुटलेला नाही. मंडळाची प्रत्येक नोटीस त्यांच्याच हातची. समोर बिनसाखरेचा चहा, बशीत साखर लावलेली खारी.

"आप्पा, हे वाक्य मला कळलं नाही."

"कळायचंय काय त्यात? स्टिकर नाही, त्यांना दंड."

"पण 'त्यांना' म्हणजे कोणाला?"

"त्यांना म्हणजे त्यांना!" असं म्हणून आप्पांनी खारीसकट बोट माझ्यावर रोखलं.

"आप्पा, बोट छापलेलं नाहीये हो कागदावर."

आप्पांना हे आवडलं नाही. त्यांनी चष्मा चढवला, नोटिशीची कार्यालयीन प्रत काढली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वाचताना प्रत्येक 'ज्या'ला आवाज चढवायचे आणि प्रत्येक 'त्या'ला उतरवायचे. सहा वेळा चढले, चारच वेळा उतरले. त्यामुळे शेवटी 'आकारण्यात येईल' जरा वरच्या पट्टीतच राहिलं.

"बघा! एका दमात," ते म्हणाले. "वाक्य तोडलं की पळवाट निघते. आमचे साहेब सांगायचे, पूर्णविराम म्हणजे आरोपीला दिलेला दरवाजा."

मी आरोपी होतो हे तेव्हा कळलं.

मग मी त्यांचीच पेन्सिल घेतली. असली वाक्यं सोडवायची एक जुनी रीत आहे. शाळेत मिश्र वाक्याचं पृथक्करण करायला लावत तीच ही, फक्त तिथे दंड मार्कांत व्हायचा. आधी सगळी पूर्ण क्रियापदं अधोरेखित करायची. इथे ती पाच: 'दिल्या आहेत', 'केलेली नाही', 'राहतात', 'नाही' आणि 'आकारण्यात येईल'. शेवटचं मुख्य वाक्याचं. उरलेल्या चारांपैकी प्रत्येकाला निदान एक 'ज' लागतो. मग 'ज'ला गोल करायचा, 'त'ला चौकोन, आणि डावीकडून सुरुवात करून प्रत्येक चौकोनापासून मागे त्याच्या गोलापर्यंत रेघ ओढायची. लिंग आणि वचन जुळलं पाहिजे. विभक्ती जुळायची गरज नाही, कारण 'ज' आपल्या वाक्याचं काम करतो आणि 'त' आपल्या. 'ज्याच्या हाती ससा तो पारधी' यात 'ज्याच्या' षष्ठी आहे, 'तो' प्रथमा, आणि आजवर एकाही सशाची याबद्दल तक्रार आलेली नाही.

आप्पांच्या वाक्यात पहिल्याच रेघेला पेन्सिल अडली. 'दिल्या आहेत' या एका क्रियापदाच्या पोटात तीन 'ज' आहेत: सभासदांनी, भाडेकरूंना, अटींवर. यात गैर काही नाही. मराठीत एका उपवाक्यात कितीही 'ज' बसतात, आणि हे आपल्या भाषेचं खरं वैभव आहे. 'ज्याने ज्याच्याकडून जे घेतलं, त्याने त्याला ते परत करावं' हे वाक्य कोणत्याही पोराला कळतं. पण त्याचा व्यवहार रोखीचा आहे. तीन 'ज' घेतले तर तीन 'त' परत द्यायचे. आप्पांनी तीन घेतले आणि एकच 'त्यांची' परत केली. उरलेले दोघे, म्हणजे सभासद आणि भाडेकरू, त्या वाक्यात आजही हक्काच्या 'त'विना उभे आहेत.

"त्यांची प्रत म्हणजे अटींची प्रत. लहान मुलालाही कळेल," आप्पा म्हणाले.

"भाडेकरूंची प्रत का नाही? 'त्यांची' दोघांनाही चालतं."

"भाडेकरूंची प्रत कशी काढणार?"

"तेच विचारतोय."

इथे दोष अनेकवचनाचा आहे. एकवचनात मराठी आपल्याला सांभाळून घेते: सभासद असेल तर 'त्याला', दुचाकी असेल तर 'तिला', स्टिकर असेल तर 'त्याला' असलं तरी दुचाकीशी घोटाळा होत नाही. अनेकवचनात प्रत्यय लागला की लिंग गळून पडतं. सभासद, भाडेकरू, अटी, दुचाकी, सगळ्यांचं एकच 'त्यांना', एकच 'ज्यांच्यावर'. त्यामुळे 'ज्यांच्यावर सोसायटीचे स्टिकर नाही' हे काटेकोरपणे वाचलं तर सभासदांच्या अंगावर स्टिकर हवं असाही अर्थ निघतो. मी हे आप्पांना सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि मला वाटतं त्यांना ती कल्पना फारशी वाईट वाटली नाही.

सर्वात कीव आली ती मधल्या 'त्या'ची. 'ज्या दुचाकी आवारात उभ्या राहतात त्या' इथवर ठीक. 'त्या' प्रथमेत आहे, म्हणजे त्या काहीतरी करणार किंवा त्यांचं काहीतरी होणार. जप्त होतील, उचलल्या जातील, काहीतरी. तेवढ्यात स्वल्पविराम येतो, 'ज्यांच्यावर' येतं, आणि पुढे 'त्यांना' म्हणून वेगळाच संसार सुरू होतो. त्या 'त्या'ला क्रियापद मिळतच नाही.

हा स्वल्पविरामात कोंबलेला 'ज' हल्ली सगळीकडे दिसतो. आपली सवय आधी 'ज' आणि मग 'त' अशी. 'जो मुलगा काल आला तो माझा भाचा.' आता बातम्यांत ऐकू येतं, 'हा पूल, जो गेल्या वर्षी बांधला होता, तो खचला.' इंग्रजी वाक्य धुवून वाळत घातल्यासारखं. वर आणखी 'जे की', 'जो की', 'जी की'. 'ही योजना, जी की शेतकऱ्यांसाठी आहे...' या 'की'ने काय गुन्हा केला होता म्हणून त्याला प्रत्येक 'जी'च्या मागे हिंडायला लावलंय, कोण जाणे. 'गेल्या वर्षी बांधलेला पूल खचला' म्हणायला किती वेळ लागतो? धातूला 'लेला' लावला की अर्धे 'जो-तो' आपोआप घरी जातात. सगळे जात नाहीत, हेही खरं. 'ज्याच्या मुलाचं लग्न आहे तो' याचं 'लेला' करून बघा, दमाल. तिथे 'जो'च हवा. पण पुलाला नको होता.

आणि आपण मुळात 'जो'च्या बाबतीत किती उदार आहोत! 'बळी तो कान पिळी'. 'गरजेल तो पडेल काय'. 'जो' म्हटलेलाच नाही, तरी ऐकू येतो. म्हणजे मराठीत 'जो' गिळला तर चालतं. 'तो' गिळला तर वाक्य लंगडतं. आप्पांनी नेमके 'त' गिळले होते. साखरेचं पथ्य, 'त'चं नाही.

मी तीच नोटीस कागदाच्या पाठीवर लिहून दिली. "ज्या सभासदाने सदनिका भाड्याने दिली आहे त्याने कराराची प्रत कार्यालयात जमा करावी. ज्या दुचाकीवर सोसायटीचे स्टिकर नाही तिच्या मालकाला रु. ५०० दंड होईल." दोन वाक्यं, दोन 'ज्या', एक 'त्याने', एक 'तिच्या'. सगळं एकवचनात, त्यामुळे 'तिच्या' म्हणजे दुचाकीच्या, दुसरं कोणी त्यात शिरूच शकत नाही. शिवाय मूळ वाक्यात दंड चक्क दुचाकीने भरायचा होता, तो आता माणसावर आला.

आप्पांनी बारकाईने वाचलं. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे स्टिकर नसेल तर दंड. भाडेकरू असो वा नसो."

"हो, तुम्हाला हेच म्हणायचं असेल तर."

"हेच म्हणायचं होतं! मग तुम्हाला दंड बरोबरच आहे की!"

"अहो, पण या नोटिशीप्रमाणे. बोर्डावरच्या नाही. बोर्डावर ही नव्हतीच लावलेली."

"आशय तोच होता," आप्पा म्हणाले आणि पावतीपुस्तक ओढलं.

व्याकरणाच्या बाबतीत मी एवढा बरोबर कधीच नव्हतो आणि त्याबद्दल एवढे पैसेही कधी भरले नव्हते. पाचशेची नोट दिली. आप्पांनी पावतीवर 'ज्याअर्थी सदर सभासद यांनी' असं सुरू केलं, आणि 'त्याअर्थी' येईपर्यंत पावतीची जागा संपली. मग मागच्या बाजूला बाण काढला.

मी त्याच दिवशी परताव्याचा अर्ज दिला. मुद्दाम एका ओळीचा: जी नोटीस मला लागू नाही तिच्या आधारे घेतलेला दंड परत मिळावा. एक 'जी', एक 'ती', मध्ये एक क्रियापद. अर्ज काल परत आला. वर लाल शाईत आप्पांचा शेरा होता: 'मजकूर त्रोटक. ज्या ज्या बाबींवर अर्जदाराचा जो जो आक्षेप आहे त्यांचा सविस्तर उल्लेख करून फेरसादर करावा.'

'ज्या ज्या' आणि 'जो जो' मिळून चार, 'त्यांचा' एक. आता हा 'त्यांचा' बाबींचा की आक्षेपांचा, हे विचारायला परत ऑफिसात जावं लागणार.