संध्याकाळी पाचला गुड मॉर्निंग? कुणाची बे?

डोकं फिरलंय आज, त्यामुळे जरा लांब लिहिणारय. विषय एवढुसाच आहे, मेलच्या पहिल्या ओळीतलं गुड मॉर्निंग. पण त्या ओळीने आमच्या ऑफिसात रोज जेवढी डोकेफोड होते तेवढी यार्नच्या भावावरून पण होत नाही.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल एक्सपोर्टवाल्याकडे डॉक्युमेंटेशनला आहे. बायर न्यूयॉर्कला, एजंट दुबईत, एक जुनी पार्टी हॅम्बुर्गला, आणि आमचा सीए इथंच, सात रस्त्याजवळ. आणि हे चौघं बऱ्याचदा एकाच मेलच्या सीसीत असतात! आता तुम्हीच सांगा, सोलापुरात सकाळी १० ला मी मेल टाकला आणि वर गुड मॉर्निंग लिहिलं तर ते नक्की कुणाला? दुबईत साडेआठ झालेत, चला, चालतंय. हॅम्बुर्गला उन्हाळा असेल तर साडेसहा, माणूस अंथरुणात. न्यूयॉर्कला रात्रीचे साडेबारा, आणि हिवाळ्यात तर कालच्या रात्रीचे साडेअकरा, म्हणजे तारीख पण वेगळी.

सेठ म्हणतात, "अरे मग त्यांचा टाइम बघून लिही ना, त्यात काय एवढं." त्यात काय एवढं?! न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागं आणि हिवाळ्यात साडेदहा. ते लोक मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढं करतात, युरोपवाले मार्चच्या शेवटच्या रविवारी, आणि आपण कधीच नाही. म्हणजे मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्कचा हिशोब बदललेला असतो आणि हॅम्बुर्गचा नाही. एका गुड मॉर्निंगसाठी मी पंचांग घेऊन बसू का? बरं, एवढं करून मी पाठवला कधी ते मला कळेल, तो वाचणार कधी ते कुठल्या पंचांगात आहे? मी संध्याकाळी गुड इव्हिनिंग लिहून घरी जातो आणि तो समोर कॉफी ठेवून सकाळी वाचतो, आणि सीसीतला दुसरा माणूस सोमवारी वाचतो. मेल म्हणजे फोन नाही हो, तो जाऊन पडून राहतो.

पण खरा ताप पुढंच आहे. मागं आमच्याकडं नवीन सॉफ्टवेअर आलं (कंपनीचं नाव घेत नाही, गावातलीच पोरं आहेत), ऑर्डरचं स्टेटस बदललं की सगळ्यांना आपोआप मेल जातो. आणि त्या पोरांनी हौसेनं वर वेळेप्रमाणे ग्रीटिंग टाकलं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. डेमोला छान दिसतं म्हणून!

मग एके दिवशी सीएचा फोन, "काय रे, संध्याकाळी पाच वाजता गुड मॉर्निंग? झोपला होतास का?" सोलापूरचं जूनमधलं दुपारचं ऊन, झोप लागू शकते, पण मी झोपलो नव्हतो! मेल उघडून बघितला तर वर ही ओळ:

```
Date: Tue, 11 Jun 2024 17:05:12 +0530
```

शेवटचं +0530 म्हणजे आपला भारताचा टाइम. मग पाच वाजता मॉर्निंग आली कुठून? त्या पोराला बसवून कोड उघडायला लावला, तर आत एवढंच:

```
const h = new Date().getHours();
let g = "Good Evening";
if (h < 12) g = "Good Morning";
else if (h < 17) g = "Good Afternoon";
```

आता हा कोड चालतो सर्व्हरवर, आणि सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर लावलेलं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. मेलवर तारीख टाकताना वेगळी सेटिंग होती म्हणून ती भारताची दिसत होती, ग्रीटिंगला मात्र यूटीसीचाच तास. आपले १७:०५ म्हणजे तिकडं ११:३५, बारा वाजायचेत, म्हणून मॉर्निंग. म्हणजे रोज पहाटे साडेपाचपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत हे येडं सगळ्यांना गुड मॉर्निंगच घालत होतं, मग रात्री साडेदहापर्यंत गुड आफ्टरनून, आणि त्यानंतर पहाटेपर्यंत गुड इव्हिनिंग. तुमच्याकडं पण असे मेल येत असतील तर तपासायचं सोप्पं आहे, ग्रीटिंग बरोबर साडेपाचच्या ठोक्याला बदलतंय का बघा. बदलत असलं तर सर्व्हर यूटीसीवर आहे, दुसरं काही शोधत बसू नका.

आणि सेठ काय म्हणाले माहितीये? "पण न्यूयॉर्कला तेव्हा सकाळचे ७:३५ होते की, म्हणजे बरोबरच आहे." घ्या! बंद पडलेलं घड्याळ पण दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं, सेठ. पुढचा मेल ५:४० ला गेला, त्यात गुड आफ्टरनून, आणि न्यूयॉर्कला तेव्हा सकाळचे ८:१०.

मग पोरानं टाइमझोन `Asia/Kolkata` केला आणि म्हणाला, झालं काम. काय झालं? सीए खूश, बाकी तिघांचं वाटोळं. मग म्हणाला, बँकेच्या साइटवर लॉगिन केलं की बरोबर येतं ना, तसं करू. अरे बाबा, वेबपेजवर हाच कोड वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालवता येतो, तिथं त्याच्या मशीनचं घड्याळ मिळतं. मेलमध्ये स्क्रिप्ट चालतच नाही, मेलचे प्रोग्रॅम ती काढून टाकतात. पाठवताना जे शब्द छापले ते छापले, वाचणाऱ्याचं घड्याळ बघायची सोयच नाही त्यात.

आता त्याची नवीन आयडिया, कस्टमर मास्टरमध्ये देशाचा कॉलम आहे, त्यावरून टाइम काढतो. अमेरिकेत एकच टाइम आहे का लका? न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात तीन तासांचा फरक आहे. आणि तो बायर जानेवारीत हाइमटेक्स्टिलच्या प्रदर्शनाला फ्रँकफर्टला जाऊन बसतो, मोबाईलवर आमचे मेल वाचत. मास्टरमध्ये पत्ता न्यूयॉर्कचाच. मग?

सेठचा तोडगा तर त्याहून भारी, "सगळीकडं गुड डे टाका, भांडणच नको." ऑस्ट्रेलियावाला ते हसत हसत म्हणतो, ठीके, पण अमेरिकन माणसाच्या कानाला ते जुनाट लागतं, किंवा चिडून फोन ठेवताना म्हणतात तसं. आधीच शिपमेंट लेट, त्यात वर आपण असं बोलायचं!

नुसतं हॅलो आणि माणसाचं नाव. बास. खाली कामाचं. कुठल्याही देशात, कुठल्याही वेळी वाचलं तरी चुकत नाही. मी स्वतः हाताने लिहितो त्या मेलमध्ये एवढंच असतं, आणि आजपर्यंत एकाही बायरनं विचारलेलं नाही की बाबा, मला गुड मॉर्निंग का नाही घातलं. ते विचारतात ते कंटेनर कधी निघणार.

त्या पोराला सांगितलंय, चारही ओळी उडव. तर म्हणतो कसा, "सर, ते चेंज रिक्वेस्टमध्ये येतं, वेगळं कोटेशन द्यावं लागेल." न मागितलेलं टाकलं फुकट, आणि काढायचे पैसे!