सर्क्युलरवर हसणाऱ्यांनो, आधी हे वाचा

आज सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर मॅनेजर साहेबांचं सर्क्युलर आलं. महत्त्वाच्या चॅट कुठे ठेवायच्या आणि कुठल्या गोष्टी कधीही सेव्ह करायच्या नाहीत, एवढाच विषय. दीड पानांचं. पाच मिनिटांत त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. "आता चॅट पण फाइल करायच्या का?" "उद्या म्हणतील शिंक आली तरी नोंद ठेवा." दुपारपर्यंत तेच चाललं होतं. मी एक शब्द लिहिला नाही, कारण लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं. आता घरी आलेय, आता लिहिते.

माझी ती पुस्तिकांची भानगड तुमच्यापैकी निम्म्यांना माहीत आहे. पण ती नेमकी का झाली, हे मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही.

एका पार्टीने प्रशिक्षणासाठी १२०० पुस्तिका छापायला सांगितल्या होत्या. मग त्यांच्याकडची माणसं कमी झाली. मी चॅटवर विचारलं, "१२०० ऐवजी ८०० छापू आणि बाकीच्या ४०० रद्द करू का?" त्यांच्या माणसाने उत्तर दिलं, "ठीक आहे, तसंच करा." मी त्या उत्तराला स्टार दिला. दुसऱ्या दिवशी स्क्रीनशॉटही काढला. आपण फार काळजीपूर्वक वागलो असं मला वाटलं होतं, खरंच वाटलं होतं.

चार महिन्यांनी बिल अडकलं. तो माणूस नोकरी सोडून गेला होता. त्याच्या जागी आलेल्याने विचारलं, "ऑर्डर १२०० ची आहे, ४०० पुस्तिका कुठे आहेत?" मी म्हटलं, थांबा, दाखवते. चॅट उघडली तर ती रिकामी. त्या माणसाने कधीतरी आपोआप गायब होणाऱ्या मेसेजची सोय ९० दिवसांवर लावून ठेवली होती. दोघांच्या चॅटमध्ये एकाने ती लावली की दोघांकडचे पुढचे मेसेज मुदत संपल्यावर जातात. ती लावल्याची बारीक ओळ चॅटमध्ये येते, ती मी शंभरदा पाहिली असेन आणि एकदाही वाचली नाही. आणि स्टार? स्टार म्हणजे नुसती खूण, पटकन सापडावं म्हणून. मेसेजच उरला नाही तर खूण कशावर राहणार?

उरला स्क्रीनशॉट. तो मी साहेबांच्या केबिनमध्ये टेबलावर ठेवला आणि ठेवता ठेवताच मला कळलं की याने काही होणार नाही. वरती त्या माणसाचं नाव मी माझ्या फोनमध्ये जसं टाकलं होतं तसं, "पुस्तिकावाले". नंबर नाही. तारखेच्या जागी "काल". कुठला काल? आणि मी पकडलेल्या भागात फक्त त्याचं "ठीक आहे, तसंच करा" आलं होतं, माझा प्रश्न वर सरकून बाहेर राहिला होता. तसंच म्हणजे कसं? मूळ फोटोच्या फाइलला तारीख असते म्हणाल, पण मी तो चॅटवरूनच साहेबांना पाठवला होता आणि तसा पाठवला की फोटोच्या पोटातली तारीख पुसली जाते. चारशे पुस्तिका आम्ही आमच्या खर्चाने छापून दिल्या. कोणी मला ओरडलं नाही, त्याचंच जास्त लागलं.

आता सर्क्युलर काय सांगतं ते बघा, कारण हसणाऱ्यांनी ते पूर्ण वाचलेलं नाही याची मला खात्री आहे. साहेब म्हणतात की चॅटवर काही ठरलं, म्हणजे संख्या, तारीख, दर, होकार, नकार, तर त्याच दिवशी ते चार ओळींत लिहून समोरच्याला मेल करायचं: "आज चॅटवर आपलं असं ठरलं. यात काही चूक असेल तर कृपया कळवा." ती मेल त्या कामाच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवायची आणि चॅटचा तेवढाच भाग तिच्यासोबत. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय. उदाहरणही दिलंय, `2025-03-14_pustika_sankhya`. असं नाव दिलं की फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने लागतो. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांतल्या एक तारखा एकत्र येऊन बसतात.

या सगळ्यात मेलच का महत्त्वाची? कारण ती समोरच्याकडेही असते. चॅटची एक्स्पोर्ट केलेली फाइल म्हणजे साधा मजकूर, कोणीही उघडून ८०० चे १२०० करू शकतं. शिवाय तिच्यातही नावं माझ्या फोनमध्ये सेव्ह असतील तशीच येतात. म्हणजे तिथेही "पुस्तिकावाले"च. पण त्या दिवशी माझी चार ओळींची मेल गेली असती, तर ती त्यांच्याही इनबॉक्समध्ये तारखेसकट पडून राहिली असती, माणूस नोकरी सोडून गेला तरी. दोन मिनिटांचं काम होतं. दोन!

वेळ जातो, हे मान्य. दिवसाला दहा गोष्टी ठरतात, त्या सगळ्यांची मेल करत बसलं तर काम कधी करायचं, हेही बरोबर आहे. आणि सर्क्युलरची भाषा जरा हुकूम सोडल्यासारखी आहे, तेही कबूल. पण म्हणून हसायचं?

खरं सांगायचं तर मला राग आला तो पहिल्या भागावर हसले म्हणून नाही. दुसऱ्या भागावर हसले म्हणून आला. "काय सेव्ह करू नये" हा भाग. त्यावर एकाने लिहिलं, "ओटीपी सेव्ह करून तरी काय करणार, दोन मिनिटांत मरतो." बरं, ओटीपीचं खरं आहे. पासवर्डचं काय? कार्डाच्या मागच्या तीन आकड्यांचं काय? ते आकडे पेमेंट मंजूर झाल्यावर व्यापाऱ्यानेसुद्धा साठवायचे नसतात, कुलूपबंद करूनही नाही, हा कार्डवाल्यांचा स्वतःचा नियम आहे. आणि आपल्या ग्रुपमध्ये लोक कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो टाकतात, "तिकीट काढून घे" म्हणून. तो फोटो ग्रुपमधल्या किती जणांच्या गॅलरीत आपोआप उतरतो आणि तिथून कोणाकोणाच्या खाजगी क्लाउडवर चढतो, याचा हिशोब कोणाकडे आहे?

यादीत पुढे ओळखपत्रांचे फोटो आहेत, पगाराचे आकडे आहेत आणि एक ओळ आहे: "सहकाऱ्यांच्या आजारपणाचा, घरच्या अडचणींचा कोणताही उल्लेख." या ओळीवर कोणी काही लिहिलं नाही. मी मात्र तिथेच थांबले.

पुस्तिकांच्या प्रकरणानंतर मी इतकी घाबरले होते की सगळंच साठवायला लागले. आठवड्याच्या शेवटी आमच्या टीमच्या ग्रुपची चॅट एक्स्पोर्ट करायची आणि शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायची. अख्खी. म्हटलं, आता बघू कोण म्हणतं पुरावा नाही. तो फोल्डर सगळ्या ऑफिसला उघडा होता, हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

आमच्या टीममधल्या एक ताई तेव्हा वरचेवर रजा घेत होत्या. ग्रुपवर आम्ही पाचच जणी. त्यांनी एकदा रात्री तिथे लिहिलं होतं, का रजा लागते ते. तपासणीत काय निघालं ते. आम्ही धीर दिला, कामं वाटून घेतली, विषय तिथेच संपला. पण तो मेसेज माझ्या फाइलमधून फोल्डरमध्ये गेला. मग दुसऱ्या विभागातल्या कोणीतरी फोल्डरच्या शोधपेटीत ताईंचं आडनाव टाकलं, त्यांनी केलेलं एक कोटेशन हवं होतं म्हणून. शोध फाइलच्या नावापुरता थांबत नाही, आतला मजकूरही धुंडाळतो. कोटेशनच्या वर माझी फाइल आली. चार दिवसांनी लिफ्टमध्ये कोणीतरी ताईंना विचारलं, "आता तब्येत कशी आहे?"

त्या मला काहीच बोलल्या नाहीत. मीच जाऊन सांगितलं की ते माझ्यामुळे झालं. त्या म्हणाल्या, "तू मुद्दाम थोडीच केलंस." फाइल मी लगेच काढून टाकली, पण काढलेली फाइल ट्रॅशमध्ये ३० दिवस पडून असते आणि मधल्या काळात कोणी उतरवून घेतली असेल तर ती कुठून काढणार? त्याच फाइलमध्ये पुरवठादाराच्या पोर्टलचा पासवर्डही होता, ते मला नंतर दिसलं. तो बदलून टाकला, संपलं. ताईंचं काय बदलणार होते मी?

म्हणून साहेबांनी "पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवू नये, फक्त संबंधित भाग घ्यावा" असं लिहिलंय ना, ते वाक्य मला त्या दीड पानातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. पुस्तिकांच्या वेळी मला तीन ओळी हव्या होत्या: माझा प्रश्न, त्याचं उत्तर, आणि तारीख. तीन ओळी ठेवल्या नाहीत म्हणून पुढे मी तीन हजार ठेवल्या.

एका गोष्टीवर मात्र मी साहेबांशी भांडणार आहे. ठेवलेलं कधी काढायचं आणि कोणी काढायचं, हे सर्क्युलरमध्ये कुठेच नाही. काम संपून बिल चुकतं झालं, पुढे काय? वर्षानुवर्षं तसंच पडून राहणार? आणि याच्या उलट, एखाद्या कामावर वाद सुरू असेल तर त्यातलं काहीही पुसायचं नाही, नको ते सेव्ह झालंय असं वाटलं तरी आधी विचारायचं, तेही स्पष्ट हवं. नाहीतर कोणी घाबरून साफसफाई करेल आणि आपणच पुरावा नष्ट केला असं दिसेल. शिवाय फोल्डर कामाप्रमाणे वेगळे आणि ते उघडायची परवानगी फक्त त्या कामातल्या माणसांना, हेही हवं. उद्या जाऊन सांगते.

ताई आता बऱ्या आहेत. मघाशी त्यांचा फोन आला होता. ग्रुपवरची हसाहशी त्यांनीही वाचली होती. म्हणाल्या, "सर्क्युलर चांगलं आहे गं. ती आजारपणाची ओळ तू सांगितलीस का साहेबांना?" मी सांगितली नव्हती. ती साहेबांना कुठून सुचली, मला माहीत नाही.