चार लाख एकवीस हजारांची बचत

जानेवारी लागला की ऑफिसातून मेल येतो: गुंतवणुकीचे पुरावे पंधरा तारखेपर्यंत जमा करा. मग तुमच्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी बँकेकडून आलेला व्याजाचा दाखला असा काही फडकावतो की जणू पोराचा बोर्डात नंबर आलाय. तुमच्याकडे दाखवायला विम्याची एक पावती. त्याच क्षणी ठरवून टाका, आपणही घर घ्यायचं. राहायला जागा हवी म्हणून घर घेणारे जुन्या काळातले. तुम्ही कर वाचवायला घ्या.

आता रीतसर सांगतो. समजा पगार वर्षाला अठरा लाख. पासष्ट लाखांचा फ्लॅट बघा आणि पन्नास लाखांचं कर्ज काढा, साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी. हप्ता बसेल ४३,३९१ रुपये. पहिल्या वर्षी तुम्ही बँकेला साधारण ५ लाख २१ हजार भराल. त्यातलं मुद्दल जेमतेम ९९,५०० आणि व्याज ४ लाख २१ हजार. घाबरू नका, हीच तर आपली बचत आहे.

स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर आयकर कायद्याच्या कलम २४ (ब) खाली वजावट मिळते. पूर्ण ४ लाख २१ हजारांची नव्हे, वर्षाला फार तर २ लाखांची. ही मर्यादा २०१४ च्या अर्थसंकल्पात दीड लाखावरून दोन लाख झाली, आणि तेव्हापासून तिने जागा सोडलेली नाही. फ्लॅटच्या किमती दरम्यान कुठे पोचल्या ते विचारू नका, मर्यादेला ते कुणी कळवलेलं नसावं. तुम्ही तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकर धरून दर पडतो ३१.२ टक्के. म्हणजे दोन लाखांवर वाचले ६२,४००. बँकेला चार लाख एकवीस हजार द्या आणि सरकारकडून बासष्ट हजार चारशे वाचवा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच, फक्त इथे मसाला वीस वर्षं शिजत राहतो.

राहिलं मुद्दल. त्यासाठी कलम ८० सी आहे, मर्यादा दीड लाख. इथे मात्र गर्दी फार. भविष्य निर्वाह निधी आधीच खुर्ची धरून बसलेला असतो. तुमचा मूळ पगार महिना पंचाहत्तर हजार असेल तर बारा टक्क्यांनी वर्षाचे १,०८,००० त्याचेच झाले. मेव्हण्याच्या आग्रहाखातर घेतलेल्या विम्याचा हप्ता तीस हजार. शिल्लक राहिले बारा हजार. नव्व्याण्णव हजारांचं मुद्दल फेडलंत, त्यातल्या बारा हजारांना आत जागा मिळाली, वाचले ३,७४४ रुपये. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीसुद्धा ८० सी मध्ये बसते, ज्या वर्षी भरली त्याच वर्षी, आणि त्याच बारा हजारांच्या पाटावर. बांधकाम चालू असलेल्या अशा फ्लॅटवर पाच टक्के जीएसटी म्हणून सव्वातीन लाख दिलेत, त्याचा या कथेत उल्लेखही नाही.

एक पथ्य मात्र पाळा. ताबा मिळाला ते आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षं घर विकू नका. विकलंत तर मुद्दलापोटी आजवर घेतलेली ८० सी ची सगळी वजावट विक्रीच्या वर्षी उत्पन्नात परत मिळवली जाते. व्याजाची वजावट तेवढी कुणी परत मागत नाही. ती तुम्ही आधीच बँकेला दिलेली असते.

आता घर कुठलं घ्यायचं? बांधून तयार असलेलं अजिबात नको, त्यात गंमत नाही. खड्डा खणलेला असावा, कुंपणावर जलतरण तलावाचं चित्र असावं. बांधकाम चालू असताना भरलेल्या व्याजावर त्या वर्षांत काहीच वजावट मिळत नाही. ते व्याज साचवून ठेवायचं आणि घर पूर्ण झालं की पाच समान हप्त्यांत, दरवर्षी एक, वजा करायचं. ऐकायला छान आहे. समजा असं आठ लाख व्याज साचलं, तर वर्षाला १ लाख ६० हजार. पण हे १ लाख ६० हजारही त्याच दोन लाखांच्या आत बसवायचे असतात आणि ती जागा तुमच्या चालू वर्षाच्या चार लाखांनी केव्हाच भरून टाकलेली असते. आठ लाखांची वजावट तुम्हाला कायद्याने मिळाली आणि एक रुपया कर वाचला नाही. वरातीमागून घोडं निघालं, तेही मंडपात शिरू न शकलेलं.

बिल्डर निवडताना तो निवांत स्वभावाचा बघा. कर्ज घेतलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झालं पाहिजे, अशी अट आहे. २०१६ पर्यंत ही मुदत तीनच वर्षांची होती, बिल्डरांचा स्वभाव ओळखून पाच केली. जानेवारी २०२० मध्ये कर्ज घेतलं असेल तर मुदत संपली ३१ मार्च २०२५ ला. भोगवटा प्रमाणपत्र ऑगस्ट २०२५ ला आलं, तर दोन लाखांची मर्यादा थेट तीस हजारांवर येते, आणि ती त्या एका वर्षापुरती नव्हे, कर्ज फिटेपर्यंत. बचत ६२,४०० वरून ९,३६० वर. उशीर बिल्डरने केला आणि शिक्षा तुम्हाला, हे कुणाला अन्यायाचं वाटेल, पण तुम्ही तक्रार करू नका. चावी देताना बिल्डर पेढे देतो.

तर आता सगळं जमलं असं समजू. तयार घर, वेळेत ताबा, पूर्ण दोन लाख, पूर्ण दीड लाख. छाती फुगवून सीएकडे जा आणि २०२५-२६ चा हिशेब मांडायला सांगा. तो जुन्या करप्रणालीत अठरा लाखांतून प्रमाणित वजावटीचे पन्नास हजार काढेल, मग दोन लाख, मग दीड लाख. उरले चौदा लाख, कर उपकरासह २,४१,८००. मग चष्मा सरळ करून तो दुसरा कागद पुढे करेल. नवी करप्रणाली: घराची वजावट नाही, ८० सी नाही, फक्त पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट. करपात्र सव्वासतरा लाख, कर १,५०,८००.

म्हणजे सगळ्या सवलती घेतल्यावर तुम्ही ९१,००० रुपये जास्त भराल. तुमच्या कर्जाला कराच्या दृष्टीने किंमत उरली उणे. जुनी प्रणाली परवडायला तुम्हाला आणखी २ लाख ९२ हजारांच्या आसपास वजावट हवी. आरोग्य विम्याचे पंचवीस हजार आणि राष्ट्रीय पेन्शन योजनेचे पन्नास हजार जोडले तरी सव्वादोन लाखांच्या जवळ खड्डा राहतो. तो घरभाडे भत्त्याने भरला असता. पण ती सवलत भाड्याच्या घरात राहणाऱ्याला, आणि तुम्ही तर आता स्वतःच्या घरात राहायला आलात ना? वास्तुशांतीच्या दिवशीच ती गेली.

नव्या प्रणालीत आणखी एक मौज आहे. घर भाड्याने दिलंत तर त्या भाड्यातून व्याज वजा करता येतं, फक्त होणारा तोटा पगारातून कापता येत नाही. स्वतः राहिलात तर व्याजाची शून्य वजावट. म्हणून सल्ला असा की घर घ्या, भाड्याने द्या आणि समोरच्या इमारतीत स्वतः भाड्याने राहा. गॅलरीतून आपलं घर दिसलं पाहिजे, एवढी अट ठेवा.

तुम्ही विचाराल, मग हे सगळं केलं कशासाठी? हेतू चांगला होता. १९९९ च्या अर्थसंकल्पात व्याजाच्या वजावटीची मर्यादा तीस हजारांवरून पंचाहत्तर हजारांवर गेली, २००० मध्ये एक लाख, २००१ मध्ये दीड लाख. मध्यमवर्गाने भाड्याच्या खोल्या सोडून घरं घ्यावीत, घरं बांधली जावीत, सिमेंट-लोखंड खपावं, गवंड्याला काम मिळावं. मंडळींनी मनावर घेतलं आणि कर्जं काढली. पण वजावटीचा एक स्वभाव असतो, जो जास्त कर भरतो त्याला ती जास्त देते. दोन लाखांवर तीस टक्केवाल्याला ६२,४०० मिळतात, वीस टक्केवाल्याला ४१,६०० आणि ज्याच्यावर करच नाही त्या रिक्षावाल्याला, ज्याला घराची गरज सगळ्यात जास्त, काही नाही. त्याच्यासाठी २०१५ मध्ये पंतप्रधान आवास योजनेत व्याजाचं थेट अनुदान आणलं, कमाल २ लाख ६७ हजार रुपये. ते एकदाच कर्जखात्यात जमा होत असे, टीडीएस आणि पुरावे यांची भानगडच नाही. म्हणजे घर मिळवून देण्याचा सरळ रस्ता सरकारला ठाऊक होता. तुमच्यासाठी मात्र वळणाचा ठेवला, त्यात व्यक्तिमत्त्व घडतं. २०२३-२४ पासून तर नवी प्रणालीच आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर तुम्ही निवडायची. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, ८० सी आता कलम १२३. पाठ केलेलं विसरा.

शेवटचं, पण याकडे दुर्लक्ष करू नका. दिवाळीला पाच लाखांचा बोनस आला, तर तो चुकूनही कर्जात भरू नका. मेव्हणा सांगेल की कर्ज फेडलंत तर सवलत जाईल, आणि तुम्ही जुन्या प्रणालीला चिकटलेले असाल तर त्याचं ऐका. वर्षाला व्याज ४ लाख २१ हजार आणि वजावट दोनच लाखांवर, त्यामुळे पाच लाख भरले तर व्याज साधारण साडेबेचाळीस हजारांनी कमी होईल, आणि वजावट? ती तशीच दोन लाख राहील, एका रुपयानेही कमी होणार नाही. तुमच्या कर्जाचं वर्षाचं व्याज दोन लाखांखाली यायला पंधरावं वर्ष उजाडावं लागतं. पण हे मेव्हण्याला सांगायचं नाही. पाच लाख मुदत ठेवीत सात टक्क्यांनी टाका, पस्तीस हजार व्याज घ्या, त्यावर ३१.२ टक्के कर भरा, चोवीस हजार घरी आणा आणि साडेबेचाळीस बँकेला द्या. जानेवारीत दाखल्यावरचा आकडा मोठा दिसला पाहिजे. शेजारच्या टेबलावरचा बघतोय.